उणे सत्त्याऐंशी महिने

मीनाबाई महापालिकेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं आया होत्या. २००८ च्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि फंडाचे पैसे हातात आल्यावर पहिली कुठली वस्तू घेतली असेल, तर बॅटरीवर चालणारी स्कूटर. निळी, हलकी, सायकलीपेक्षा थोडीच मोठी. तिला ना लायसन लागायचं ना पेट्रोल. अठ्ठावन्नाव्या वर्षी सिद्धार्थनगरातल्या मोकळ्या मैदानावर मुलगा प्रसेनजीत मागून धरायचा आणि त्या ओरडायच्या, "सोड रं आता! सोड म्हनलं तर!" तिसऱ्या दिवशी त्यानं खरंच सोडलं आणि बाई थेट रस्त्याला लागल्या.

अडचण चार्जिंगची होती. घर तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून वायर खाली सोडली तर तळमजल्यावरची माणसं भांडायला उठायची. बॅटरी उचलून वर न्यावी म्हटलं तर ती तरण्या पोरांनाही झेपायची नाही. शेवटी प्रसेनजीतनं मार्ग काढला. लक्ष्मीपुरीत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पाणमोटारींच्या तारा काढून नव्या भरायच्या, हा त्याचा धंदा. मीनाबाई सकाळी स्कूटर तिथं लावायच्या, चालत घरी यायच्या आणि संध्याकाळी पुन्हा चालत जाऊन स्कूटर आणायच्या.

"चालायचा कंटाळा म्हणून गाडी घेतलीस, आणि गाडीसाठी चालतीयास," प्रसेनजीत म्हणायचा.

"मग कुटंतरी जवळ सोय कर की," त्या म्हणायच्या.

ही सोय करायची कल्पना मात्र प्रसेनजीतच्या डोक्यातून नाही, विजयसिंहाच्या डोक्यातून निघाली. विजयसिंह इंगवले शिवाजी पेठेतला. दोघं एकाच तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलेले, प्रसेनजीत बचावाला आणि विजयसिंह पुढं. आता विजयसिंहाची लाकडाची वखार बंद पडली होती आणि पेठेच्या कडेला, अंबाबाईच्या देवळापासून पायी दहा मिनिटांवर, त्याची सहा गुंठे जागा गवत वाढवत पडली होती. एका दुपारी तो दुकानात आला, तेव्हा मीनाबाईंच्या स्कूटरशेजारी आणखी एक स्कूटर चार्जिंगला लावलेली होती. लक्ष्मीपुरीतल्याच एका व्यापाऱ्याची.

"ह्याचे पैसे घेतोस?" विजयसिंहानं विचारलं.

"दहा रुपयं देतोय तो. म्या मागितलं न्हवतं."

विजयसिंह स्कूटरकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "परस्या, लेका, पंप टाकूया. विजेचा पंप."

*

त्या वर्षी कोल्हापुरात या स्कूटरींची दुकानं एकामागून एक उघडत होती. पेट्रोल पन्नाशीच्या वर गेलं होतं. दुकानदार सांगायचे, दहा पैशांत एक किलोमीटर. विजयसिंहानं वहीत आकडे मांडले आणि दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन प्रसेनजीतच्या घरी आला. मीनाबाईंनी पोहे केले.

"हे बघा मावशी," तो म्हणाला. "धा पॉइंट. एक गाडी भरायला सहा तास. म्हंजे एका पॉइंटवर दिवसाला चार गाड्या. धा चोक चाळीस. गाडीमागं वीस रुपयं. दिवसाला आठशे. म्हयन्याला चोवीस हजार!"

"आनि खर्च?"

प्रसेनजीतनं खर्च आधीच काढला होता, कारण ते त्याचंच काम होतं. नवं थ्री-फेज कनेक्शन, अनामत आणि मीटर धरून अठरा हजार. केबल, वितरण पेटी, एमसीबी, शॉक बसू नये म्हणून लावायचा ईएलसीबी, सगळं मिळून बावीस हजार. दहा सॉकेट, प्रत्येकाला छोटं मीटर आणि पेटी, चौदा हजार. पत्र्याचं शेड सेहेचाळीस. खाली काँक्रीट वीस. अर्थिंगचे दोन खड्डे सहा. बोर्ड आणि दिवे चार. बेरीज एक लाख तीस हजार.

"साडेपाच म्हयन्यात फिटलं की!" विजयसिंह म्हणाला. "जागा माझी, पैसा तुमचा. आधी तुमचा पैसा फेडायचा, मग अर्धं अर्धं."

मीनाबाईंचे डोळे चमकले. त्यांना पैशाचा मोह नव्हता, हे प्रसेनजीतला ठाऊक होतं. त्यांना ती जागा दिसत होती, जिथं आपल्यासारखी माणसं रांगेत गाड्या लावतील आणि कुणी खालच्या मजल्यावरून ओरडणार नाही. "द्या टाळी," त्या म्हणाल्या, आणि विजयसिंहाच्या हातावर त्यांनी खरोखरच टाळी दिली.

प्रसेनजीत पोहे खात बसला. चोवीस हजार फार वाटत होते. पण चूक नेमकी कुठं आहे, ते त्याला सांगता येत नव्हतं.

*

धाकटी बहीण दीक्षा वारणानगरच्या कॉलेजात अकाउंट शिकवायची आणि रविवारी घरी यायची. तिच्याकडं जुना लॅपटॉप होता. तिनं वहीतले आकडे संगणकात घातले आणि पहिल्याच मिनिटाला विचारलं, "दादा, यात लाइटबिल कुठंय?"

प्रसेनजीत आणि मीनाबाई एकमेकांकडं बघत राहिले. विजयसिंहानं वीज विकायचा हिशेब केला होता, विकत घ्यायचा केलाच नव्हता.

"एका गाडीला किती युनिट लागतात?"

"पत्रकात एक युनिट लिवलंय," प्रसेनजीत म्हणाला. पण त्याला ते पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आईची स्कूटर पूर्ण उतरेपर्यंत चालवली, छोटं मीटर मध्ये जोडलं आणि सकाळी चार्जिंगला लावली. सात तासांनी चार्जरचा हिरवा दिवा लागला, तेव्हा मीटरवर दीड युनिट दिसलं. बॅटरीत जाते एकाच्या आसपास, बाकीची चार्जर आणि बॅटरी तापण्यात जाते. पत्रक खोटं नव्हतं, पण बिल मात्र दीड युनिटाचं येणार होतं.

आता युनिटचा दर. हा प्रश्न सोपा असेल असं त्याला वाटलं होतं. वीज कंपनीच्या ऑफिसात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "कशासाठी कनेक्शन?"

"गाड्या चार्ज करायला."

"म्हंजे गॅरेज?"

"गॅरेज न्हवं. गाड्यांत वीज भरायची."

"मग कारखाना धरू का? कारखान्याचा दर कमी हाय."

शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "कारखाना कसा? तयार काय होतंय तिथं? दुकान धरा." मग त्यांनी चष्मा काढून प्रसेनजीतकडं बघितलं. "आणि एक सांगतो पावणं. युनिटवर पैसे घेऊ नका. वीज विकायला परवाना लागतो, तो तुमच्याकडं न्हाय."

"मग पैसे कशाचे घ्यायचे?"

"गाडी उभी करायचे घ्या. सेवेचे घ्या. पण बोर्डावर युनिटचा दर लिहू नका. कुठल्या गटात बसवायचं ते मी वर विचारतो, असलं कनेक्शन अजून कुणी मागितलंच नाही. अर्ज ठेवून जा."

तो अर्ज ठेवून आला. तीन वेळा गेला, तीन वेळा चहा मिळाला, पण वरचं उत्तर आलं नव्हतं. शेवटी दीक्षा म्हणाली, "वाईटात वाईट धर. दुकानाचा दर. सगळे आकार धरून साडेसहा रुपये."

दीड युनिटला पावणेदहा रुपये. विसातून गेले की सव्वादहा उरतात. दीक्षानं दहा धरले. राखण करायला, गाड्या लावायला, पैसे घ्यायला एक माणूस, महिन्याला बावीसशे. स्थिर आकार, दुरुस्ती मिळून पाचशे. दिवसाला चाळीस गाड्या धरून महिन्याला नऊ हजार तीनशे उरत होते.

"चौदा महिने," दीक्षा म्हणाली.

"चौदा बी चालतंय," मीनाबाई म्हणाल्या.

"पण आई, चाळीस गाड्या कशा होतील? पहाटे तीनला कोण गाडी लावायला येणार? आणि रोज चार तास लाइट जातेच की."

मग चारऐवजी दोन खेपा धरल्या, एक दिवसाची आणि एक रात्रीची. वीस गाड्या. त्यातून महिन्याला तीन हजार तीनशे उरले. लॅपटॉपवर एकोणचाळीस महिने आले.

प्रसेनजीत कपाळाला हात लावून बसला. तेच शेड, तेच सॉकेट, तीच माणसं. आणि आकडा एकदा साडेपाच, एकदा चौदा, एकदा एकोणचाळीस. मोटार जळाली की त्याला नुसत्या वासावरून कळायचं कुठली कॉइल गेली. इथं काय जळतंय तेच कळत नव्हतं.

"दीक्षा, ह्यातला खरा कुठला?"

"सगळे खरे आहेत, दादा. तू किती गाड्या धरतोस त्यावर आहे."

"मग किती धरू?"

"ते मी कसं सांगू? मी इथं शिकवायला येत नाही," ती वैतागून म्हणाली, आणि मग जरा वेळानं तिनं गंमत म्हणून निम्म्या गाड्या धरून बघितल्या. दिवसाला दहा. महिन्याला उरले तीनशे रुपये. स्क्रीनवर चारशे तेहेतीस महिने आले.

"म्हंजे किती वरसं?" मीनाबाईंनी विचारलं.

"छत्तीस."

मीनाबाई ताटं उचलून आत गेल्या.

*

विजयसिंह तोवर कामाला लागला होता. तालमीत त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. दसऱ्याला उद्घाटन. बोर्डाचं डिझाईनही करून आणलं होतं, हिरव्या पानातून वीज बाहेर येतेय असं.

प्रसेनजीत त्याला एकोणचाळीस महिन्यांचं सांगायला गेला आणि न सांगताच परत आला. सांगण्याआधी त्याला एक खात्री करायची होती. त्यानं आईची स्कूटर जिथून घेतली होती त्या दुकानदाराला गाठलं. दुकानदारानं शहरात आतापर्यंत एकशे शहाऐंशी गाड्या विकल्या होत्या आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर वहीत होते. चार्जिंगची सोय झाली तर आपलीच गाडी जास्त खपेल, म्हणून त्यानं वही आनंदानं दिली.

प्रसेनजीतनं चाळीस जणांना फोन केले. दुकानात बसून, दुपारी, एकेक नंबर खोडत. लोक आधी घाबरायचे, कंपनीचा माणूस वसुलीला फोन करतोय असं वाटून. मग बोलायचे. इतकं बोलायचे की ठेवता यायचं नाही.

चाळिसांपैकी एकतीस जण घरीच, पोर्चमध्ये नाहीतर दारात चार्ज करत होते. घरगुती दरानं. त्यांना वीस रुपये कशाला, पाच रुपयेही द्यायचे नव्हते. पाच जण आपल्या दुकानात नाहीतर ऑफिसात लावायचे, फुकट. उरले चार. हे चौघं मीनाबाईंसारखे वरच्या मजल्यावर राहणारे.

आणि एक गोष्ट त्यानं विचारली नव्हती, ती लोकांनी आपणहून सांगितली. राजारामपुरीच्या शालूबाई नावाच्या शिक्षिका म्हणाल्या, "भाऊ, चार्जिंगचं सोडा. माझी गाडी वर्षाची झाली. आधी पन्नास किलोमीटर जायची, आता अठरा जाते. नव्या बॅटऱ्यांचे आठ हजार सांगतायत. घालू का नको, तुम्ही सांगा."

प्रसेनजीतनं नंबर खोडला. त्याला स्वतःला कळेना. एकोणचाळीस महिन्यांत पैसे फिटणार म्हणायचं, आणि ज्या गाड्या येणार त्यांच्या बॅटऱ्या चौदा-पंधरा महिन्यांत संपणार. तेव्हा किती जण आठ हजार घालतील? हा आकडा लॅपटॉपमध्ये कुठल्या रकान्यात भरायचा?

रविवारी दीक्षानं त्याच्या फोनांचा हिशेब मांडला. चाळिसांत चार म्हणजे दहातला एक. एकशे शहाऐंशीत अठरा-एकोणीस. बाकीच्या दोन दुकानदारांच्या गाड्या धरल्या तरी पेठेच्या आसपास राहणारे, वरच्या मजल्यावरचे, आठ. रोज कुणी भरत नाही, एक दिवसाआड भरतात. म्हणजे दिवसाला चार गाड्या.

"दोन खेपांच्या मिळून वीस जागांवर चार," दीक्षा म्हणाली. "वापर वीस टक्के."

तेवढ्यात विजयसिंह दारात उभा. चप्पल काढता काढता त्यानं विचारलं, "काय म्हनतोय हिशेब?"

प्रसेनजीतनं लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. विजयसिंह खाली वाकला. शेवटच्या चौकोनात आकडा होता, उणे सत्त्याऐंशी.

"ह्ये काय?"

"किती महिन्यांत पैसे फिटणार ते," दीक्षा म्हणाली.

विजयसिंहानं आकडा बोट ठेवून पुन्हा वाचला. मग त्याचा चेहरा उजळला. "उणे म्हंजे? सत्त्याऐंशी म्हयन्याआधीच फिटलेत?"

कुणी हसलं नाही. मीनाबाईही आशेनं दीक्षाकडं बघत होत्या.

"नाही विजूदादा," दीक्षा हळू म्हणाली. "चार गाड्यांचे महिन्याला बाराशे मिळतात. खर्च सत्तावीसशे. दर महिन्याला पंधराशे खिशातून जातात. फिटायचा प्रश्नच नाही. संगणकाला ते कळत नाही, तो नुसता भागाकार करतो."

"मग त्या संगनकाला काय कळतंय?" विजयसिंह ताडकन सरळ झाला. "चार गाड्या! आज चार हायत. शेड बघून लोक गाड्या घेतील की! रस्ताच न्हाई केला तर यस्टी कशी येनार?"

"येतील बी," प्रसेनजीत म्हणाला. "न्हाईत बी येणार. विजू, मला खरंच कळंना झालंय. म्हणून सांगतो, लहान करू. चार पॉइंट. तुझ्या वखारीचं जुनं मीटर चालू हाय, त्याचा लोड पुरतोय. चार गाड्या मिळून बाराशे वॅट, एका इस्त्रीएवढा. शेड नको, माणूस नको. बारा हजारात हुतंय. चार गाड्या आल्या तरी वर्षात फिटतंय."

हा हिशेबही दीक्षानंच काढला होता. गाड्या तेवढ्याच, फक्त दर महिन्याचा बांधलेला खर्च नाही. प्रसेनजीतला तो पहिला आकडा होता जो हातात धरल्यासारखा वाटत होता.

पण विजयसिंहाचं तोंड उतरलं. "चार सॉकेट," तो म्हणाला. "अख्ख्या तालमीला सांगितलंय म्या, पंप टाकतोय म्हणून. आनि दसऱ्याला भिंतीवर चार सॉकेट दावू? लोक काय म्हनतील?"

"लोकांचं काय..."

"तुझं बरं हाय. तुझा पैसा वाचला." तो चप्पल घालू लागला. "मागं खेळायचास तवा बी असंच. बॉल पुढं द्यायचाच न्हाईस. पायात धरून बसायचास."

तो गेला. जिन्यावरून उतरण्याचा आवाज तिन्ही मजले ऐकू आला.

मीनाबाई मुलाकडं बघत होत्या. "मी टाळी दिलती त्याला," त्या म्हणाल्या.

"आई, उणे आकडा बघितलास की तू."

"बघितला. मला त्यातलं काय कळलं न्हाय. तुला तरी कळलं का?"

प्रसेनजीतनं लॅपटॉप मिटला.

*

विजयसिंहानं पतसंस्थेतून कर्ज काढलं, दुकानाच्या दरानं कनेक्शन घेतलं आणि दहाच्या दहा पॉइंट टाकले. मीनाबाईंनी स्वतःच्या मनानं, कुणाला न विचारता, वीस हजार रुपये त्याला नेऊन दिले. उरलेले बँकेत ठेवले. "टाळी दिली हुती, तेवढी तरी राखायला नको?" एवढंच त्यांचं म्हणणं.

वायरिंग प्रसेनजीतनं केलं. विजयसिंह बोलावायला आला नव्हता, दुसऱ्या कुणाला तरी काम सांगितल्याचं ऐकून प्रसेनजीत स्वतःच पिशवी घेऊन गेला. अर्थिंग नीट झालं नाही तर पावसात एखाद्याला शॉक बसेल, या एकाच काळजीनं. दोघं पंधरा दिवस एका जागेवर होते आणि "पक्कड दे", "शिडी धर" यापलीकडं बोलले नाहीत. प्रसेनजीत सॉकेट बसवायचा आणि मनात म्हणायचा, हा पाचवा. याच्यावर कुणी येणार नाही. मग सहावा बसवायचा, तितकाच नीट.

दसऱ्याला नारळ फुटला. बोर्डावर लिहिलं होतं, 'गाडी उभी करणे व चार्जिंग सेवा, एक वेळ रु. २०'. युनिटचा उल्लेख नव्हता. पहिल्या दिवशी अकरा गाड्या आल्या, कारण पहिला दिवस फुकट होता. विजयसिंहानं लांबून प्रसेनजीतला बोटांनी अकरा दाखवले. दुसऱ्या दिवशी तीन आल्या. मग कधी चार, कधी पाच, कधी दोन. राखणीला केरबा नावाचा वखारीतलाच जुना हमाल होता. तो दिवसभर पत्र्याखाली खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या मीनाबाईंना विचारायचा, "बाई, तुमच्या वळखीचं आनि कोन न्हाय का?"

दिवाळीच्या सुट्टीत देवीच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी झाली. पुण्याची एक मोटार पेठेत जागा शोधत फिरत होती. काँक्रीट आणि शेड बघून ड्रायव्हरनं आत डोकावलं. "इथं लावू का? किती घेणार?"

केरबा विचारात पडला. बोर्डावर वीस लिहिलं होतं, पण ते स्कूटरचं. "तीस द्या," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत चौदा मोटारी लागल्या. प्रसेनजीतला हे मीनाबाईंकडून कळलं, कारण त्यांना स्वतःच्या स्कूटरला जागा मिळाली नव्हती. दोन मोटारींच्या मध्ये अडकलेल्या सॉकेटपर्यंत त्यांची वायर पोचली नव्हती, आणि त्या चिडून घरी आल्या होत्या.

*

पुढची दोन वर्षं असंच चाललं. मंगळवारी, शुक्रवारी, सुट्टीत मोटारी. बाकीच्या दिवशी दोन-चार स्कूटरी. मग त्या दोन-चारही कमी होत गेल्या. बॅटऱ्या संपल्या, लोकांनी आठ हजार घातले नाहीत, गाड्या जिन्याखाली धूळ खाऊ लागल्या. शहरातल्या तीन दुकानांपैकी दोन बंद झाली. मीनाबाईंनी मात्र बॅटरी बदलली. "माझी गाडी हाय. मी का टाकू?"

२०११ च्या फेब्रुवारीत विजयसिंह घरी आला. कितीतरी दिवसांनी. त्यानं मीनाबाईंच्या हातात पाकीट ठेवलं. आत सव्वीस हजार होते.

"कर्ज फिटलं मावशी. तुमचं व्याजासकट."

मीनाबाईंनी पैसे मोजले नाहीत. पाकीट हातात फिरवत विचारलं, "ह्ये चार्जिंगचं का पार्किंगचं?"

"पैशावर लिवलेलं नसतंय," विजयसिंह म्हणाला. पण तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीत शेडवर गेला आणि एकेका सॉकेटचं छोटं मीटर वाचून आकडे कागदावर उतरवले. ती मीटरं त्यानंच लावली होती, खोटं बोलणं शक्य नव्हतं. दहाही मिळून दोन हजार तीनशे चाळीस युनिट. म्हणजे अठ्ठावीस महिन्यांत पंधराशे साठ गाड्या. गाडीमागं दहा रुपये धरले तर पंधरा हजार सहाशे. एवढ्यात केरबाचा आठ महिन्यांचासुद्धा पगार सुटत नव्हता.

म्हणजे दीक्षाचा हिशेब बरोबर होता. उलट तिनं दिवसाला चार गाड्या धरल्या होत्या, आल्या होत्या दोनही नाहीत. आणि तरीही लाख तीस हजार फिटले होते. विजयसिंहानं त्याचं ऐकून भिंतीवर चारच सॉकेट लावले असते, तर काँक्रीट झालं नसतं, शेड झालं नसतं, आणि पुण्याच्या मोटारीनं गवतात डोकावलंच नसतं. पण हे काय हिशेबात धरायचं असतं? आणि धरायचं तर कोणी, कधी?

त्यानं कागद विजयसिंहाला दाखवला. विजयसिंहानं तो उभा आडवा करून बघितला.

"मग? कोन बरोबर हुतं?"

"मला न्हाय कळत विजू."

"मला बी," विजयसिंह म्हणाला. दोघं केरबाच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले. विजयसिंह म्हणाला, "त्या दिवशी बॉलचं बोललो, ते तेवढं मनात धरू नकोस."

"धरलंय," प्रसेनजीत म्हणाला. "पण ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात एक अनोळखी माणूस आत आला. फेब्रुवारीतही हातात घडी केलेली छत्री, म्हणजे धो धो पावसाच्या गगनबावड्याकडचा वाटत होता. त्यानं शेड बघितलं, सॉकेट मोजले, बोर्ड वाचला. "आमच्याकडं बी असलं काय काढावं म्हणतोय," तो म्हणाला. "खर्च किती आला? आनि किती म्हयन्यात फिटला?"

विजयसिंहानं प्रसेनजीतकडं बघितलं. "सांग की रं."

प्रसेनजीतनं कागदाची कोरी बाजू वर केली, आणि पेन काढलं. मग त्यानं वर बघून विचारलं, "पावणं, तुमच्याकडं वरच्या मजल्यावर राहणारी माणसं किती हायत?"

"वरचा मजलाच न्हाय कुनाचा," पाहुणा गोंधळून म्हणाला. "पाऊस लई. का हो?"